‘प्रोसेस झालंय’ म्हणजे नेमकं कुठं झालंय?

नाशिकमधल्या एका भाषांतरकार बाई. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या. मुंबईतल्या एका कंपनीसाठी त्यांनी यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर केलं, ६०,००० रुपयांचं बिल पाठवलं आणि महिनाभर वाट पाहिली. एका सोमवारी संध्याकाळी कंपनीकडून आपोआप निघणारी मेल आली. आपल्या बिलापोटी ५४,००० रुपयांचं पेमेंट प्रोसेस झालं आहे, असं त्यात लिहिलं होतं आणि खाली एक दहा आकडी क्रमांक होता. उरलेले ६,००० म्हणजे १० टक्क्यांनी कापलेला टीडीएस, हे बाईंच्या लक्षात आलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. खात्यात काहीच नाही. गुरुवारी सकाळी त्यांनी फोन लावला.

“मॅडम, आमच्याकडून झालंय. सिस्टीममध्ये पेड दाखवतंय.”

“अहो, पण माझ्या खात्यात आलेलं नाही.”

“बँकेत दोन-तीन दिवस लागतात मॅडम. तुमच्या बँकेत विचारा एकदा.”

बाई बँकेत गेल्या. काउंटरवरच्या बाईंनी खातं उघडून पाहिलं, सोमवारपासून काही जमा नाही म्हणाल्या, आणि पाठवणाऱ्यालाच विचारा असा सल्ला दिला. चेंडू पुन्हा मुंबईत.

अशा संभाषणात बहुधा कुणीच खोटं बोलत नसतं. अकाउंट्समधला माणूस त्याच्या पडद्यावर दिसतं तेच सांगतो, बँकेतली बाई तिच्या पडद्यावरचं. गोंधळ असतो तो ‘प्रोसेस’ या शब्दात. बिल मंजूर झालं तरी प्रोसेस, हिशेबात नोंद पडली तरी प्रोसेस, बँकेत फाइल चढवली तरी प्रोसेस आणि पैसे खरोखर निघाले तरी प्रोसेसच. या चार मुक्कामांपैकी पैसे कुठल्या मुक्कामावर थांबले आहेत, एवढंच शोधायचं असतं.

मोठ्या कंपन्यांत पेमेंट कसं निघतं ते आधी पाहू. ठरलेल्या वारी, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, मुदत झालेल्या सगळ्या बिलांची यादी संगणक काढतो. ती मंजूर झाली की पेमेंट रन होतो. त्या क्षणी हिशेबाच्या पुस्तकात बिल बंद होतं, त्यापुढे ‘पेड’ दिसायला लागतं, एक डॉक्युमेंट नंबर पडतो आणि अनेक ठिकाणी तेव्हाच पुरवठादाराला मेलही सुटते. बँकेतून मात्र तोवर एक रुपयाही हललेला नसतो. त्यानंतर सगळ्या पेमेंटची एक फाइल तयार होते आणि ती बँकेच्या पोर्टलवर चढवली जाते. चढवणारा एक, मंजुरी देणारा दुसरा, रक्कम मोठी असेल तर तिसराही. बँकेच्या भाषेत हे मेकर आणि चेकर. चेकर साहेब दौऱ्यावर असतील, त्यांच्या सहीचं डिजिटल टोकन बंद पडलं असेल किंवा दिवसाची मर्यादा संपली असेल, तर फाइल तिथंच पडून राहते. लहान फर्ममध्ये टॅलीत पेमेंट व्हाउचर टाकून ठेवतात आणि ऑनलाइन ट्रान्सफर संध्याकाळी मालक स्वतः करतात. मालक विसरले, तरी टॅलीत त्या माणसाच्या खात्यावर बाकी शून्यच दिसते.

म्हणून ‘पेमेंट झालं का?’ हा प्रश्न विचारून हाती काही लागत नाही. त्याचं उत्तर ‘हो’ असंच येणार. विचारायचं ते असं: यूटीआर नंबर काय आहे?

यूटीआर म्हणजे युनिक ट्रान्झॅक्शन रेफरन्स. पैसे पाठवणाऱ्या बँकेने व्यवहार खरोखर हाती घेतला की हा नंबर तयार होतो. कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला तो स्वतःहून निर्माण करता येत नाही, तो बँकेकडूनच यावा लागतो. यूटीआर आहे म्हणजे फाइल बँकेने स्वीकारली. यूटीआर नाही म्हणजे, पडद्यावर काहीही लिहिलेलं असो, पैसे अजून कंपनीच्याच खात्यात असण्याची शक्यता दाट आहे.

हा नंबर ओळखणं फारसं अवघड नाही. २ लाख आणि त्यावरच्या रकमांसाठी असलेल्या आरटीजीएसचा यूटीआर २२ अक्षर-अंकांचा असतो. आधी पाठवणाऱ्या बँकेच्या आयएफएससी कोडची पहिली चार अक्षरं, मग आर हे अक्षर, मग व्यवहाराच्या मार्गाची खूण, मग वर्ष-महिना-दिवस असे आठ अंक आणि शेवटी आठ आकडी अनुक्रमांक. म्हणजे व्यवहाराची तारीख त्यातच वाचता येते. एनईएफटीचा नंबर बहुतेक वेळा १६ अक्षर-अंकांचा असतो, काही बँकांचा लांबही असतो, आणि त्यात बहुधा बँकेची खूण सांगणारी अक्षरं येतात. आयएमपीएसने पाठवलं असेल तर १२ आकडी संदर्भ क्रमांक मिळतो. नाशिकच्या बाईंच्या मेलमधला नंबर दहा आकडी होता, एकही अक्षर नसलेला. तो कंपनीच्या हिशेबातला डॉक्युमेंट नंबर होता. तो नंबर घेऊन त्या बँकेत गेल्या, तर बँकेला त्याचा काय उपयोग? रेल्वेच्या खिडकीवर एसटीचं तिकीट दाखवण्यासारखंच ते.

आता ‘बँकेत दोन-तीन दिवस लागतात’ या उत्तराकडे वळू. हे उत्तर इतक्या वेळा ऐकू येतं, की ऐकणाऱ्यालाही ते खरं वाटायला लागतं. एके काळी त्यात तथ्य होतं. एनईएफटी २००५ साली सुरू झाली तेव्हा ती बँकेच्या कामाच्या वेळातच चालायची, सुटीच्या दिवशी बंद असायची. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेले पैसे सोमवारी पोचणं त्या काळात नेहमीचं होतं. पण १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास चालते. दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे दिवसाला ४८ तुकड्या निघतात. तुकडीचा हिशेब पूर्ण झाला की त्यानंतर दोन तासांत घेणाऱ्या बँकेने पैसे खात्यात जमा तरी करायचे किंवा परत तरी पाठवायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आरटीजीएसही १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालते आणि तिथली मुदत आणखी कमी, साधारण अर्धा तास.

बाईंच्या उदाहरणाला हे लावून पाहा. सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बँकेने त्यांचं पेमेंट सोडलं असतं, तर ते साडेचारच्या तुकडीत गेलं असतं आणि साडेसहाच्या सुमारास एक तर नाशिकला पोचलं असतं किंवा मुंबईला परतीच्या वाटेला लागलं असतं. गुरुवारपर्यंत अधांतरी लटकत राहायला त्याला जागाच नाही. तांत्रिक बिघाडाने उशीर होऊ शकतो, नाही असं नाही. पण मग घेणाऱ्या बँकेने त्या दिवसांचं व्याज ग्राहकाला स्वतःहून द्यायचं असतं, रेपो दर अधिक २ टक्के या दराने. रेपो दर साडेपाच टक्के धरला तर ५४,००० वर दिवसाला साधारण ११ रुपये होतात. रक्कम किरकोळ आहे. तरी नियमातून एक गोष्ट स्पष्ट होते: व्यवस्थेने हा उशीर नेहमीचा मानलेला नाही. तेव्हा तिसऱ्या दिवशीही ‘बँकेत वेळ लागतोय’ असं कोणी सांगत असेल, तर उशीर बहुधा बँकेच्या दाराबाहेरच, म्हणजे कंपनीच्या आत, झालेला असतो.

फोन उचलण्याआधी स्वतःकडची एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी, कारण इथं चूक आपली असू शकते. बिलाचा आकडा नव्हे, टीडीएस वजा जाता येणारा आकडा शोधायचा. नोंदणीकृत नाव आणि बाजारातलं नाव वेगळं असतं, म्हणून पासबुकात ग्राहकाच्या नावाऐवजी त्याच्या समूहातल्या दुसऱ्याच कंपनीचं नाव दिसू शकतं. दोन बिलं एकत्र करून एकच रक्कमही येते. आणि २६एएस मध्ये टीडीएस दिसला म्हणून पैसे निघालेच, असा अर्थ काढू नये. बिलाची नोंद किंवा पैसे देणं, यांतलं जे आधी होईल तेव्हा टीडीएस कापायचा, असा नियम आहे. त्यामुळे पेमेंट न करताही टीडीएस भरलेला असू शकतो.

गुरुवारी दुपारी बाईंनी पुन्हा फोन केला नाही, मेल लिहिली. मेल छोटी होती: “बिल क्रमांक अमुक, तारीख तमुक, टीडीएस वजा जाता रक्कम ५४,०००. आपल्या सोमवारच्या मेलप्रमाणे पेमेंट प्रोसेस झालं आहे, पण आज दुपारी बारापर्यंत खात्यात जमा नाही. सोबत सोमवार ते आजपर्यंतचा खातेउतारा जोडला आहे. कृपया तीन गोष्टी कळवाव्यात: बँकेचा यूटीआर नंबर आणि त्याची तारीख, पैसे ज्या खात्यावर पाठवले त्याचे शेवटचे चार अंक, आणि तो आयएफएससी कोड. मेलमध्ये आलेला दहा आकडी नंबर आपला डॉक्युमेंट नंबर असावा, बँकेत तो सापडत नाही.”

या मेलमधला सूर पाहण्यासारखा आहे. त्यात तक्रार नाही, आणि ‘झालं का?’ असा प्रश्नही नाही. ज्याची उत्तरं पडद्यावर शोधावीच लागतील अशा तीन गोष्टी मागितल्या आहेत. पहिली गोष्ट शोधायला गेलं की माणसाला हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून उठून बँकेच्या पोर्टलवर जावं लागतं. खरी माहिती तिथंच असते.

झालंही तसंच. अकाउंट्समधल्या त्या तरुणाने यूटीआर शोधायला सोमवारची फाइल उघडली. फाइलमध्ये ४१ ओळी होत्या. ४० ओळींपुढे यूटीआर होता, एका ओळीपुढे नव्हता. तिच्यापुढे बँकेने शेरा मारला होता: आयएफएससी कोड अवैध. बँकेने ती एक ओळ बाजूला काढून बाकीच्या पाठवून दिल्या होत्या. नाकारलेल्या ओळींचा अहवाल पोर्टलवर आला होता, पण तो उतरवून पाहायचं काम नक्की कोणाचं, हे त्या कार्यालयात ठरलेलं नव्हतं.

कोड अवैध कसा झाला? बाईंनी याच कंपनीचं काम पूर्वी २०१८ मध्ये केलं होतं. तेव्हा त्यांचं खातं देना बँकेत होतं आणि नोंदणीसाठी त्यांनी तिथलाच रद्द केलेला चेक दिला होता. १ एप्रिल २०१९ ला देना बँक आणि विजया बँक बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या आणि १ मार्च २०२१ पासून देना बँकेचे जुने, `BKDN` ने सुरू होणारे आयएफएससी कोड बंद झाले. त्यांच्या जागी `BARB` ने सुरू होणारे कोड आले. बाईंना बँकेकडून कळवलं गेलं होतं, नवं चेकबुकही मिळालं होतं. मुंबईच्या त्या कंपनीतली पुरवठादारांची नोंदवही मात्र २०१८ मध्येच थांबलेली होती. नवं बिल आलं, जुनं नाव सापडलं आणि जुन्याच कोडवर पेमेंट निघालं. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स पंजाब नॅशनल बँकेत, तर कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली. त्या काळात ज्यांची खाती या बँकांत होती आणि ज्यांनी जुन्या ग्राहकांना नवा कोड दिलेला नाही, त्या सगळ्यांचं पेमेंट असंच अडकू शकतं.

एका अर्थी बाईंचं नशीब बरं, कारण पैसे कंपनीच्या खात्यातून निघालेच नव्हते. यूटीआर आहे आणि तरी पैसे नाहीत, ही परिस्थिती जास्त किचकट असते. अशा वेळी आपल्या बँकेच्या शाखेत यूटीआर, तारीख आणि रक्कम लिहून न्यायची आणि बाहेरून आलेल्या व्यवहारांत तो नंबर शोधायला सांगायचं. नंबर हाती असला की बँकेला ठाम उत्तर देता येतं. पैसे परत पाठवले असतील, तर कधी आणि कोणत्या कारणाने, हे तिथं कळतं: खातं बंद आहे, असा खातेक्रमांकच नाही, खात्यावर बंधन आहे. परत गेलेली रक्कम कंपनीच्या बँक खातेउताऱ्यात जमा म्हणून उतरते. अकाउंट्सला ती तेव्हाच दिसते जेव्हा कोणी खातेउतारा आणि पुस्तक ओळीनं ओळ जुळवतं. रिकन्सिलिएशन म्हणतात ते हेच. काही ठिकाणी हे रोज होतं, पुष्कळ ठिकाणी महिनाअखेरीस. म्हणून त्यांना परतीची तारीख आणि नेमकी रक्कम सांगितली, तर महिनाभराचं काम पाच मिनिटांत होतं.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे पैसे यशस्वीपणे जमा झालेले असतात, पण दुसऱ्याच्या खात्यात. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये बँक पैसे जमा करते ती खातेक्रमांक पाहून. नाव जुळलंच पाहिजे असं बंधन तिच्यावर नाही, आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, अशी रिझर्व्ह बँकेची २०१० पासूनची भूमिका आहे. एक अंक इकडचा तिकडे झाला आणि त्या क्रमांकाचं खातं खरोखर असलं, तर पैसे तिथं जाऊन बसतात. मग ते परत मिळवायला त्या खातेदाराची संमती लागते. खातेक्रमांकाचे शेवटचे चार अंक मेलमध्ये मागायचे ते यासाठीच. ही उणीव भरून काढायला रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये बँकांना सांगितलं, की पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय एनईएफटी आणि आरटीजीएसला १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी. नवा पुरवठादार जोडताना कंपनीने ही सोय वापरली किंवा आधी १ रुपया पाठवून नाव पडताळलं, तर ही चूक जवळपास टळते. पण २०१८ पासून नोंदवहीत बसलेला क्रमांक कोण पडताळणार?

बाईंना पुढं एक दिवस जास्त लागला आणि त्याचं कारण योग्य होतं. कोड चुकलाय हे कळल्याबरोबर त्यांनी मेलवरच नवा कोड लिहून पाठवला. अकाउंट्सने तो घेतला नाही. नव्या चेकची प्रत आणि सही केलेला फॉर्म मागितला, आणि नोंदवहीतल्या जुन्या फोन नंबरवर फोन करून बाईंकडून खातरजमाही केली. बाई वैतागल्या. पण पुरवठादाराच्या नावाने मेल पाठवून ‘आमचं खातं बदललंय, यापुढे इथं पैसे पाठवा’ असं सांगणारे भामटे खरोखर आहेत, आणि अशा एका मेलवर विश्वास ठेवून मोठमोठ्या रकमा गेलेल्या आहेत. जी कंपनी नुसत्या मेलवर खातं बदलते, तिच्याकडे आपले पैसे कमी सुरक्षित असतात.

कंपनीने उत्तरच दिलं नसतं तर? बाईंची उद्यम नोंदणी सूक्ष्म उद्योग म्हणून आहे. अशा नोंदणीकृत सेवा पुरवणाऱ्याला २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. नाही मिळाले तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. त्याची तक्रार सरकारच्या पोर्टलवर करता येते. तिथं ‘आमच्या सिस्टीममध्ये पेड आहे’ एवढं सांगून कंपनीला भागवता येत नाही, पैसे पोचल्याचा पुरावा लागतो, आणि तो म्हणजे पुन्हा यूटीआरच. यूटीआर आहे, पैसे आले नाहीत आणि बँकच दाद देत नाही, असं झालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार द्यायची. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर जाता येतं. बाईंवर यांतली कुठलीच वेळ आली नाही.

शुक्रवारी दुपारी त्या तरुणाने त्यांचं पेमेंट पुन्हा लावायला घेतलं. बिल तर पुस्तकात बंद झालेलं. मग पैसे हिशेबात कुठं आहेत, हे शोधताना तो मधल्या खात्यावर पोचला. पेमेंट रन झाला की रक्कम आधी तिथं येते आणि बँकेच्या खातेउताऱ्याशी जुळली की तिथून निघून जाते. ते खातं रोज शून्यावर यायला हवं. त्यात ५४,००० होते. त्यांच्याच वर आणखी एक ओळ होती, १८,५०० रुपयांची, अडीच महिन्यांपूर्वीची, कार्यालयातल्या वातानुकूलन यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका मेकॅनिकच्या नावाची. त्याच्या बिलापुढेही ‘पेड’च लिहिलेलं होतं.

सहा वाजून वीस मिनिटांनी बाईंच्या फोनवर बँकेचा संदेश आला. ५४,००० रुपये, आणि खाली १६ अक्षर-अंकांचा नंबर. त्या वेळी मुंबईत तो तरुण मेकॅनिकचा नंबर शोधत होता.